पाटीवर काय लिहायचं आणि काय पुसायचं!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई संध्याकाळी घरी आल्या आणि चहाचा कप हातात घेऊन नुसत्याच बसून राहिल्या. त्यांच्या हातातल्या पाटल्या दिसत नव्हत्या. मी विचारण्याच्या आत त्याच म्हणाल्या, "बँकेत ठेवल्यात गं. दुकानाचं भाडं तुंबलं होतं."

जाऊबाई आणि भाऊजी आमच्या गावात एस. टी. स्टँडजवळ एक छोटंसं नाश्त्याचं हॉटेल चालवतात. पाच टेबलं, एक आचारी, वाढायला एक मुलगा. सकाळी पाय ठेवायला जागा नसते. "अगं, गिऱ्हाईक मोडत नाही, माल उरत नाही, उधारीसुद्धा फारशी नाही. मग पैसा जातो कुठे?" हा त्यांचा प्रश्न.

भाऊजींकडे दोन उपाय तयार होते. सगळ्याच पदार्थांचे भाव दहा-दहा रुपयांनी वाढवायचे आणि वडापाव बंद करायचा. "एवढं तेल जाळायचं आणि उरतं काय, तर दहा-अकरा रुपये!" असं त्यांचं म्हणणं. जाऊबाईंना दोन्ही पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं.

त्याच सुमारास माझा भाचा सुट्टीला आला होता. तो हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. त्याच्या वहीत एक कोष्टक होतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या विद्यापीठातले दोन प्राध्यापक, मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ, यांनी १९८२ साली पुस्तक लिहून मांडलेली ही पद्धत. मोठ्या हॉटेलांसाठीच असणार असं वाटून मी वही मिटणार होते. पण पाहिलं तर त्यात बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडे काहीच नव्हतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा हा हिशेब माझ्याकडे आला.

दोनच प्रश्न

ही पद्धत प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारते. तू किती खपतोस? आणि एका प्लेटमागे माझ्या हातात किती ठेवतोस?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे असं आम्हाला वाटलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "वडापाव आणि पोहे, दुसरं काय!" पण आठवणीवर विसंबायचं नाही, असं भाच्याने बजावलं. गल्ल्याजवळ एक वही ठेवली. प्लेट गेली की त्या पदार्थापुढे एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. घरच्यांनी आणि कामाच्या माणसांनी खाल्लेलं त्यात धरायचं नाही. आणखी एक गोष्ट लिहायची, ती म्हणजे कोणता पदार्थ किती वाजता संपला. जो पदार्थ नऊलाच संपतो तो कमी खपलेला दिसतो, पण त्याला मागणी नसते असं नाही.

चहा, कॉफी आणि सरबत यांचा हिशेब वेगळा ठेवला. चहा जवळजवळ प्रत्येक जण घेतो. तो मिसळीच्या रांगेत बसवला, तर बाकी सगळेच पदार्थ नालायक ठरतील. तुलना सारख्याची सारख्याशीच करायची.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र आमची झोप उडवली. प्लेटमागे उरणारे पैसे म्हणजे विक्रीच्या भावातून त्या प्लेटला लागलेल्या मालाचा खर्च वजा करायचा. भाडं, पगार, गॅस हे त्या उरलेल्या पैशांतून भागवायचे असतात, म्हणून ते इथे धरायचे नाहीत.

मिसळीचंच पाहा. मटकीची उसळ ८ रुपये, फरसाण ७, दोन पाव ६, तर्री ४ आणि कांदा-लिंबू १, असे २६ रुपये जाऊबाईंनी तोंडीच सांगितले. मी म्हटलं, "ताई, तर्री दुसऱ्यांदा मागतात त्याचं काय?" त्या गप्प झाल्या. तेव्हा आम्ही उलटा हिशेब केला. सकाळी तर्रीच्या पातेल्यात पडलेल्या सगळ्या मालाचे पैसे मांडले आणि दिवसभरात गेलेल्या मिसळींच्या संख्येने त्याला भागलं. कांद्याचंही तसंच केलं. फुकटची दुसरी वाटी, मूठभर जादा कांदा, सांडलेलं-उरलेलं, सगळं त्यात आपोआप आलं. मिसळीचा खरा खर्च निघाला ३० रुपये. रोज प्लेटमागे चार रुपये कुठे जात होते ते तेव्हा कळलं.

वड्यांचीही तीच गत. एकाच सारणाचे दहा वडे तराजूवर ठेवले, तर कुठला ६० ग्रॅम भरला, कुठला ८५. आचाऱ्याचा हात जसा पडेल तसा वडा!

आठवड्याचा जमाखर्च

हॉटेल सोमवारी बंद असतं. सहा दिवसांत आठ पदार्थांच्या मिळून ८०० प्लेटा गेल्या. चित्र असं निघालं :

वडापाव : भाव २०, उरतात ११, खप २४०
मिसळ : भाव ७०, उरतात ४०, खप १७०
कांदेपोहे : भाव ३०, उरतात १९, खप १३०
साबुदाण्याची खिचडी : भाव ५०, उरतात २४, खप ९०
कांदाभजी : भाव ३५, उरतात २०, खप ८०
थालीपीठ : भाव ६०, उरतात ४०, खप ४०
साबुदाणावडा : भाव ५०, उरतात २२, खप ३०
पनीर पकोडे : भाव ६०, उरतात १८, खप २०

आता दोन रेषा आखायच्या. पहिली खपाची. आठ पदार्थांत ८०० प्लेटा सारख्या वाटल्या असत्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला १०० आल्या असत्या. पण सगळे पदार्थ सारखे कसे खपतील? म्हणून त्या प्राध्यापकांनी थोडी सूट दिली आहे. सारख्या वाट्याच्या सत्तर टक्के खप झाला, तरी पदार्थ लोकप्रिय समजायचा. म्हणजे आमची रेषा ७० प्लेटांवर.

दुसरी रेषा पैशांची. प्रत्येक पदार्थाचा खप आणि त्याचे उरणारे पैसे यांचा गुणाकार करून सगळी बेरीज घेतली. ती आली १८,२९० रुपये. तिला ८०० ने भागलं की सरासरी प्लेटमागे साधारण २३ रुपये उरतात. त्याच्या वर ते कमाऊ, खाली ते कमी कमाऊ.

या दोन रेषांनी चार खोल्या होतात. खपतो आणि कमावतो, तो तारा. आमची मिसळ आणि जेमतेम खिचडी त्यात बसली. खपतो पण थोडकं कमावतो, त्याला त्यांच्याकडे नांगराचा घोडा म्हणतात. आपण नांगराचा बैल म्हणू. वडापाव, पोहे आणि भजी हे आमचे बैल. कमावतो पण खपत नाही, ते कोडं. ते म्हणजे थालीपीठ. आणि धड खपतही नाही, कमावतही नाही, त्याला त्या लोकांनी चक्क कुत्रा म्हटलं आहे. जाऊबाईंना ते काही रुचलं नाही. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'मुक्कामी पाहुणा'. पनीर पकोडे आणि साबुदाणावडा हे दोन पाहुणे निघाले.

इथे एक फसगत टाळायला हवी. पोह्यांना भावाच्या जेमतेम ३७ टक्के माल लागतो आणि मिसळीला ४३ टक्के, म्हणून पोहे जास्त फायद्याचे, असं भाऊजी इतके दिवस समजत होते. टक्क्यांत ते खरंही आहे. पण भाडं टक्क्यांनी देता येत नाही, रुपयांनी द्यावं लागतं. पोह्यांची प्लेट १९ रुपये ठेवते आणि मिसळीची ४०.

बैलाला विकायचं नाही

वडापावावर भाऊजींचा राग होता. मी त्यांना गुणाकार दाखवला. अकरा रुपये गुणिले २४० म्हणजे २,६४० रुपये आठवड्याला. मिसळीखालोखाल सर्वांत मोठी रक्कम वडापावच आणत होता! शिवाय वडापाव खायला आलेला माणूस चहा घेतो, सोबतचा मित्र मिसळ मागवतो. वडापाव गेला तर नुसते २,६४० रुपये जाणार नाहीत, ती माणसंही जातील.

बैलाला हाकलायचं नाही, त्याचा खर्च आवरायचा. वड्याचा गोळा ६५ ग्रॅमचा ठरवला आणि आचाऱ्याजवळ छोटा वजनकाटा ठेवला. सवयीच्या वड्यापेक्षा लहान वडा मुळीच करायचा नाही, हे जाऊबाईंनी निक्षून सांगितलं. स्टँडवरच्या लोकांना वड्याचा आकार पाठ असतो. फक्त ८५ ग्रॅमचे उदार वडे बंद झाले. तेवढ्यानेच वडापावाचा खर्च एका रुपयाने उतरला. भावाला हात लावला नाही. ज्या पदार्थाचा भाव सगळ्यांच्या तोंडी असतो, त्याच्या भावात एका रुपयाचा फरकसुद्धा डोळ्यांत भरतो.

थालीपिठाचं कोडं

खरी गंमत थालीपिठाची. घरची भाजणी, वर लोण्याचा गोळा, सोबत दही. चव अशी, की एकदा खाणारा पुन्हा येईल. प्लेटमागे मिसळीइतकेच ४० रुपये. मग खपत का नाही?

मी एक दिवस दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले. पाटीवर आठ नावं होती, त्यात थालीपीठ पाचवं, दोन साबुदाण्यांच्या मध्ये चेपलेलं. २०११ साली इस्रायलमधल्या एरन दायान आणि माया बार-हिलेल या दोन अभ्यासकांनी तेल अवीवच्या एका कॅफेत नावांचा क्रम बदलून पाहिला होता. यादीच्या अगदी वर किंवा अगदी खाली लिहिलेले पदार्थ मधल्यांपेक्षा जास्त मागवले गेले. आमचं थालीपीठ नेमकं मध्ये होतं.

पण कारण एवढंच नव्हतं. एका बाईंनी थालीपीठ मागितलं, तसा वाढणारा मुलगा म्हणाला, "वेळ लागंल, मावशी. पोहे देऊ का?" त्याचंही चुकत नव्हतं. सकाळच्या घाईत थालीपीठ मागितलं की आचारी त्याच्यावर खेकसायचा. ती सवय त्याने दुपारीही चालू ठेवली होती. पाटी वाचण्यापूर्वी आपल्या माणसांच्या तोंडी काय आहे ते ऐकायला हवं, हे तेव्हा समजलं.

आम्ही पाटी नव्याने लिहिली. पहिल्या ओळीत, चौकटीत 'घरच्या भाजणीचं थालीपीठ, लोणी-दह्यासह'. शेवटच्या ओळीत मिसळ. वडापाव, पोहे आणि भजी मध्ये. वडापाव खाणारा पाटी वाचतोच कुठे? तो दारातूनच ओरडतो. मग त्याच्यासाठी पहिली जागा कशाला अडवायची? पनीर पकोडे पुसून टाकले. भाऊजी म्हणाले, "पाटी ओकीबोकी दिसते." जाऊबाई म्हणाल्या, "उरलेलं पनीर फ्रिजमध्ये ओकंबोकं दिसत होतं, ते चाललं तुम्हाला?"

आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही तोंडावर आपटलो. सकाळी आठच्या गर्दीत आठ जणांनी एकदम थालीपीठ मागितलं. तवा एक, एका थालीपिठाला सात-आठ मिनिटं. दोन कच्ची निघाली, एक करपलं, तिघं न खाताच उठून एस. टी. पकडायला धावले. त्या गोंधळात मिसळवालेही ताटकळले.

कागदावरच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच नसते. तो मालाचे पैसे मोजतो, तव्यावरची मिनिटं मोजत नाही. सकाळी एक मिसळ वाढायला मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून त्या वेळी मिसळीचे ४० रुपये आणि थालीपिठाचे ४० रुपये सारखे नाहीत. दुपारी तवा रिकामा असतो, तेव्हा मात्र ते सारखे होतात. म्हणून चौकटीत 'दुपारी ३ ते ७' असं लिहिलं, दुसरा तवा घेतला आणि मुलाला शिकवलं, "वेळ लागेल" असं नाही, तर "गरम लावून देतो, दहा मिनिटं बसा" असं म्हणायचं.

एकादशीने केलेली फसवणूक

खिचडी तारा ठरली होती, पण जाऊबाईंनी वही चाळून म्हटलं, "अगं, या आठवड्यात एकादशी होती की!" खरंच, ९० पैकी ६४ प्लेटा त्या एका दिवशी गेल्या होत्या. उरलेल्या पाच दिवसांत मिळून फक्त २६, आणि रोज भिजवलेला साबुदाणा थोडाथोडा वाया जात होता. उपवास नसलेला आठवडा मोजला असता, तर हीच खिचडी तारा ठरली नसती.

म्हणून एका आठवड्यावर निकाल द्यायचा नाही. मोजणी निदान चार आठवडे चालवायची, म्हणजे त्यात एकादशी, चतुर्थी, बाजाराचा दिवस, पगाराचे दिवस सगळे येतात. खिचडी आणि साबुदाणावडा यांना आम्ही मोठ्या पाटीवरून काढलं. उपवासाच्या दिवशी दारात वेगळी छोटी पाटी लागते. तो पाहुणा ज्या दिवशी बोलावलेला असतो, त्या दिवशी हवाहवासा असतो!

फळ काय मिळालं?

तुलना एकादशी असलेल्या आठवड्याशीच करायची म्हणून तशाच आठवड्याची वाट पाहिली. वडापाव २३५, मिसळ १७५, पोहे ११०, भजी ८०, थालीपीठ ९५, खिचडी ७० आणि साबुदाणावडा २५. एकूण प्लेटा ७९०, म्हणजे आधीपेक्षा दहा कमी. आणि उरलेले पैसे १९,५४० रुपये, म्हणजे १,२५० जास्त. एकाही पदार्थाचा भाव वाढवला नव्हता.

यातही एक बारकावा आहे. थालीपिठाच्या ५५ प्लेटा वाढल्या याचा अर्थ ५५ नवी माणसं आली असा नाही. पोहे वीस प्लेटांनी उतरले, ते बहुधा तिकडेच वळले. पोहे खाणारा थालीपिठाकडे वळला, तर २१ रुपये जास्त उरतात. पण मिसळ खाणारा वळला, तर काहीच उरत नाही. म्हणून पाटी बदलल्यावर ज्याला पुढे आणलं त्याच्यासोबत इतरांचीही मोजणी चालू ठेवायची. आमची मिसळ उतरली नाही, म्हणून हा फायदा खरा.

आणि ही कात्री चालवतच राहायची नसते. दोन्ही रेषा सरासरीवरून निघतात. पनीर गेलं की सरासरी वर सरकते आणि कालचा काठावरचा पदार्थ आज रेषेखाली दिसू लागतो. कोणी ना कोणी सरासरीच्या खाली राहणारच. दर वेळी खालच्याला काढत गेलो, तर एक दिवस पाटीवर नुसती मिसळ उरेल आणि समोर रिकामी बाकं! पदार्थ काढताना शेवटचा प्रश्न माणसांचा विचारायचा : याच्यासाठी कोण येतं, आणि सोबत कोणाला आणतं?

तुम्हाला करून पाहायचं असेल तर

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची खानावळ असेल, कुणी डबे देत असेल, कुणी घरून फराळाच्या ऑर्डरी घेत असेल. चकल्या, लाडू, करंज्या यांचाही हिशेब असाच मांडता येतो. चार आठवडे रेघा ओढा. प्रत्येक पदार्थाचा खर्च सबंध पातेल्यावरून किंवा सबंध घाण्यावरून काढा आणि विकलेल्या नगांनी किंवा किलोंनी भागा. तोंडी आकड्यांवर विश्वास ठेवू नका. सारख्या वाट्याच्या सत्तर टक्के ही एक रेषा, उरणाऱ्या पैशांची सरासरी ही दुसरी. घरगुती करंजीच्या बाबतीत मिनिटं नक्की मोजा, कारण तिथे आचाऱ्याच्या जागी आपणच असतो आणि आपल्या मिनिटांचे पैसे कुणी मांडत नाही. एका वेळी एकच मोठा बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. आम्ही वड्याचं वजन, पाटी आणि उपवासाचे पदार्थ एकदमच बदलले, आणि १,२५० पैकी कोणत्या बदलाचे किती हे सांगताना आमचीही थोडी पंचाईत होते.

आठवड्याला १,२५० म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आसपास. बँकेचा हप्ता त्यातून जातो आहे. जाऊबाईंचे हात अजून मोकळेच आहेत, पण दिवाळीच्या आत पाटल्या सोडवायच्या असं त्यांनी ठरवलं आहे. परवा त्यांच्याकडे गेले, तर भाऊजी स्वतः वहीत रेघा ओढत बसले होते. मला पाहून म्हणाले, "नागपूरकडे पोह्यांवर तर्री घालून देतात. आपल्या बैलाला तशी झूल घातली तर? पण आधी तर्रीचा खर्च धरून हिशेब करून द्या, मगच पाटीवर लिहू."